स्थिरपदाचा ३

मार्चची संध्याकाळ होती आणि लाइट गेलेली. इन्व्हर्टरच्या मिणमिणत्या ट्यूबखाली मी बीएस्सी पहिल्या वर्षाच्या अंतर्गत परीक्षेचे अठ्ठावन्न पेपर तपासायला बसलो होतो. अंबाजोगाईला मार्चमध्येच भिंती तापायला लागतात, त्यामुळे हात भराभरा चालत होता. प्रश्न तिसरा, ब. पाच मार्क. मीच काढलेला:

`12x³ − 4x² − 5x + 2 = 0` या समीकरणाची दोन मुळं समान आहेत. सर्व मुळं काढा.

उत्तर माझ्या डोक्यात पक्कं होतं, `1/2, 1/2, −2/3`. कारण प्रश्न मी उलटा बांधला होता. `(2x − 1)²(3x + 2)` घेतलं, गुणलं, झाला प्रश्न तयार. पोरांनी करायचं ते असं: डेरिव्हेटिव्ह काढायचा, `36x² − 8x − 5`. त्याची शून्यं काढायची. विवेचक 784 येतो, म्हणजे 28 चा वर्ग, म्हणून `x = 1/2` किंवा `x = −5/18`. दुहेरी मूळ यातलंच एक असलं पाहिजे. मग मुळांची बेरीज `4/12`, म्हणजे `1/3`. त्यातून दोन वेळा अर्धा वजा केला की तिसरं मूळ `−2/3`.

सत्तावीस पेपर तपासून झाले. ज्यांनी प्रश्न सोडवला होता त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर बरोबर. शिकवलेलं उतरलंय म्हणून मी मनातल्या मनात खूशही झालो. मग रोल नंबर एक्केचाळीस आला. ही मुलगी मागच्या बाकावर बसते आणि गावाकडची एस्टी गाठायची म्हणून शेवटच्या तासाला दहा मिनिटं आधी उठते. तिनेही `1/2` आणि `−5/18` काढले होते, पण पुढे बेरीज केलीच नव्हती. दोन्ही आकडे मूळ समीकरणात घालून बघितले होते. एकाचं उत्तर 1, दुसऱ्याचं `929/243`. खाली एक ओळ: "दोन्हीपैकी एकही मूळ समीकरणात शून्य देत नाही, म्हणून याला दुहेरी मूळ नाही. प्रश्न तपासावा."

प्रश्न तपासावा! माझा लाल पेन पाचातून एक मार्क द्यायला टेकलाच होता. आकडेमोड चुकली असणार असं धरून तिची बेरीज बघू लागलो. `x = 1/2` घातल्यावर पहिलं पद दीड, मग वजा एक, वजा अडीच, इथपर्यंत ठीक. पुढे तिने लिहिलं होतं अधिक 3. अधिक 3 कुठून आणलं हिने?

छापील प्रश्नपत्रिका काढली. त्यात खरंच `+ 3` होतं.

दोष माझ्याच अक्षराचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, घाईत लिहिताना अजूनही आकडे मराठीत उतरतात. टायपिंगला दिलेल्या कच्च्या कागदावर १२, ४, ५ नीट होते, शेवटच्या २ ची शेपटी मात्र अशी वळली होती की कुणीही त्याला ३ म्हणावं. टाइप झालेला कागद मी वरवर बघून सही केली होती.

छापायच्या चुका होतच असतात. मला सुन्न केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आधीच्या सत्तावीस पेपरांत मी मारलेल्या सगळ्या बरोबरच्या खुणा खोट्या होत्या. पोरांनी सोडवलं `+ 3` चं समीकरण आणि उत्तर आलं `+ 2` च्या समीकरणाचं. कुणालाच संशय कसा आला नाही?

कारण वाटेत बहुतेकांचा शेवटच्या पदाशी संबंधच आला नव्हता. डेरिव्हेटिव्ह काढताना स्थिरपद गळून जातं. तिथे 2 असो, 3 असो की तीनशे, `36x² − 8x − 5` तोच राहतो. मुळांची बेरीज घ्यायची तर ती पहिल्या दोन सहगुणकांवर चालते. म्हणजे माझ्या पद्धतीने सुरुवातीपासून शेवटपर्यंत जा, प्रश्नाचा शेवटचा आकडा वाचावाच लागत नाही. एकदा जरी मुळांचा गुणाकार बघितला असता तरी भांडं फुटलं असतं. `1/2 · 1/2 · (−2/3)` म्हणजे `−1/6`. प्रश्नाप्रमाणे तो `−3/12`, म्हणजे `−1/4` हवा होता.

आणि ही पद्धत त्यांना दिली कुणी? मीच. वर्गात फळ्यावर मी दर वेळी दोन शून्यं काढायचो आणि त्यातलं सुबक दिसतं ते उचलायचो. `−5/18` सारखं वाकडंतिकडं असेल ते सोडून द्यायचं हे पोरांनी माझ्याकडे बघूनच उचललं. दोघा-तिघांनी मूळ समीकरणात घालून ताळा केला होता, पण त्यातल्या एका बहाद्दराने `1.5 − 1 − 2.5 + 3 = 0` असं ठणकावून लिहिलं होतं. त्याला तरी काय बोलणार, सरांनीच सांगितलंय दोन मुळं समान आहेत.

सकाळी स्टाफरूममध्ये मी पेपरांचा गठ्ठा घेऊन गप्प बसलेलो बघून आमच्या विभागातले ज्येष्ठ सर म्हणाले, "काय बघायलाव एवढं सकाळी सकाळी?" सांगितलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. चहाच्या कपाखालचा कागद ओढून त्यांनी लिहिलं: `12, −4, −5, 3`. खाली लिहिलं: `0, 1, 2, 3`.

"गुणा."

गुणलं. पहिलं पद गेलं. राहिलं `−4x² − 10x + 9`.

"तुमचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे खाली 3, 2, 1, 0 लिहिणं. शून्य स्थिरपदाखाली येतं, म्हणून ते दिसत नाही. शून्य पहिल्या पदाखाली सरकवा. आता स्थिरपद लपेल कुठं? यात अर्धा घाला."

घातला. वजा एक, वजा पाच, अधिक नऊ. तीन आले. शून्य नाही. मग मीच 3 च्या जागी 2 घेऊन बघितलं. `−4x² − 10x + 6`, म्हणजे दोनने भागून चिन्हं बदलली की `2x² + 5x − 3`, आणि त्याचे अवयव `(2x − 1)(x + 3)`. अर्धा हजर.

ही युक्ती योहान हुडे नावाच्या डच माणसाची. देकार्तच्या भूमितीच्या ग्रंथाची फान स्कूटेन यांनी काढलेली लॅटिन आवृत्ती आहे, तिच्यात 1659 साली ती छापली गेली. लायब्निझचा कलनावरचा पहिला लेख आला 1684 मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर. हा हुडे पुढे अॅमस्टरडॅमचा महापौर झाला. सहगुणकांखाली कुठलीही समान फरकाची रांग लिहा, दुहेरी मूळ नव्या समीकरणातही टिकतं, हा त्याचा नियम. कारण सोपं आहे. समीकरणाची डावी बाजू `f` आणि तिचा डेरिव्हेटिव्ह `f'` म्हटलं, तर अशी कुठलीही रांग घेतली तरी जे तयार होतं ते `f` आणि `x·f'` यांचंच मिश्रण असतं. वरचं तर थेट `3f − x·f'` आहे. दुहेरी मुळापाशी `f` आणि `f'` दोन्ही शून्य, मग त्यांचं मिश्रणही शून्यच.

अकराच्या तासाला वर्गात आधी चूक कबूल केली. मग फळ्यावर पहिल्यापासून घेतलं. `f = (x − a)²·g` असेल तर `f' = 2(x − a)g + (x − a)²g'`, दोन्ही पदांत `(x − a)` आहे, म्हणून `f'(a)` शून्य. उलट बाजूने, `f(a) = 0` असेल तर `f = (x − a)h`, म्हणून `f' = h + (x − a)h'`, आणि `f'(a)` म्हणजे नुसता `h(a)`. तोही शून्य असेल तरच `h` मधून आणखी एक `(x − a)` बाहेर निघतो. या दुसऱ्या बाजूची सुरुवातच `f(a) = 0` ने होते, आणि आपण सगळ्यांनी तीच पायरी गिळली होती.

मग आलेख काढला. `f'` ची शून्यं म्हणजे आलेखाचा डोंगरमाथा आणि दरीचा तळ. इथे माथा `−5/18` ला, तळ `1/2` ला. स्थिरपद बदललं की अख्खा आलेख लिफ्टसारखा वर-खाली होतो, माथा आणि तळ डावी-उजवीकडे तसूभर हलत नाहीत. 2 असताना तळ अक्षाला नुसता टेकतो. 3 केलं की तळ एकने वर उचलला जातो, आणि सबंध आलेख अक्षाला एकाच ठिकाणी छेदतो, साधारण `−0.722` ला. छापून गेलेल्या प्रश्नाचं वास्तव मूळ तेवढं एकच होतं, बाकीची दोन संमिश्र.

एकाने विचारलं, "सर, 1.999 छापलं असतं तर?"

हा प्रश्न मला आवडला. `1/2` ला दुसरा डेरिव्हेटिव्ह 28 आहे, म्हणून तळाजवळ आलेख `14(x − 1/2)²` सारखा वागतो. तळ एक हजारांशाने खाली गेला की तो अक्षाला दोनदा छेदतो, 0.4915 आणि 0.5085 च्या आसपास. सहगुणकात एक हजारांशाची चूक, मुळं सरकली आठ हजारांशांहून जास्त. तेच 2.001 छापलं तर तिथली वास्तव मुळं गायब. म्हणून सहगुणक मोजमापातून आलेले, दशांशात कापलेले असतील तर "सामाईक शून्य आहे की नाही" हा प्रश्न हो-नाहीत सुटत नाही, मुळं जवळजवळ आहेत एवढंच म्हणता येतं. पूर्णांक सहगुणकांवर मात्र निकाल चोख लागतो.

मार्कांचं मात्र मनासारखं झालं नाही. मला एक्केचाळीस नंबरला पूर्ण पाच आणि बाकीच्यांना पद्धतीचे तीन द्यायचे होते. परीक्षा समितीने ठरवलं की प्रश्न चुकीचा छापला गेला, तेव्हा ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांना पाच. म्हणजे दीड वजा एक वजा अडीच अधिक तीन बरोबर शून्य लिहिणाऱ्यालाही पाच. मी वाद घातला, पण चूक माझीच असल्यामुळे आवाजात जोर नव्हता.

दोन दिवसांनी शेवटच्या तासाला ती नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी उठली, पण जाताना टेबलावर वहीचा अर्धा कागद ठेवून गेली. वर `12x³ − 4x² − 5x + k`, खाली `x = −5/18` घालून केलेली लांबलचक आकडेमोड, आणि शेवटी चौकटीत `k = −200/243`, मुळं `−5/18, −5/18, 8/9`.

मी आकडे ताडून बघत होतो तोवर ती दाराशी थांबली. म्हणाली, "सर, हा आकडा छापून आला असता तर तुमचं वाकडं मूळच बरोबर निघालं असतं. येते मी, गाडी लागली असंल."

तीन मुळांची बेरीज केली. `1/3` आली. गुणाकारही केला.