व्हिसावरचे पद आणि प्रत्यक्ष काम

आज लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मुलाखत झाली. सौदी अरेबियातील माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या निवास परवान्यावर, पद 'मजूर' असे नोंदलेले आहे, प्रत्यक्षात मात्र मी शटडाउनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या, कामांवर परमिट म्हणजे काम सुरू करण्याची लेखी परवानगी घेणारा सुपरवायझर होतो. कंपनीकडे ज्या पदाचा व्हिसा शिल्लक असेल त्यावर माणूस नेण्याची आखातातील ही रीत इथल्या व्यवस्थापकांना ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. म्हणून पदनाम बाजूला ठेवून मी त्यांना एका टाकीचे काम सांगितले. आत वेल्डिंग करायचे असेल, तर आधी पाइपलाइनमध्ये ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी धातूची चकती, टाकून टाकी वेगळी करायची, मग वर, मध्ये आणि तळाशी गॅस तपासायचा, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कोणालाही आत सोडायचे नाही आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासल्याशिवाय काम सुरू करू द्यायचे नाही. त्यानंतर इकाम्याचा विषय मागे पडला आणि रात्रपाळीत परमिटवर सही कोणी करावी, असे त्यांनी मलाच विचारले. परतणाऱ्या प्रत्येकाने अनुभवपत्रावर प्रत्यक्ष कामाचे वर्णन तिथे असतानाच लिहून घ्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण इथे आल्यावर ते मिळवणे फार कठीण जाते.