आमची वाटचाल : काउंटरवर तिसरा माणूस

स्टेशनरीचं दुकान आम्ही दोघं भागीदार सांभाळत होतो, तोवर कुणी काय करायचं हे कधी बोलावंच लागलं नाही. पुढे ऑफिसांच्या ऑर्डरी वाढल्या, एक जण सतत बाहेर राहू लागला आणि पहिला मदतनीस घ्यायचं ठरलं. जाहिरात लिहायच्या आधी आम्ही दुकानात जे जे काम हाताखालून जातं ते एका कागदावर उतरवत गेलो. खोकी उतरवणं, आलेला माल चलनाशी ताडून बघणं, रॅक भरणं, बिल, सुट्टे, फोनवरची ऑर्डर लिहून घेणं. जाहिरात, मुलाखत आणि पहिला आठवडा, तिन्ही त्याच कागदावरून निघाले.

जाहिरातीत 'होतकरू, प्रामाणिक, मेहनती' हे शब्द घातले नाहीत. ते वाचून कुणी 'मी तसा नाही' म्हणून मागे सरत नाही, म्हणजे गाळणी म्हणून त्यांचा उपयोग शून्य. त्याऐवजी वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि पगाराचा आकडा स्पष्ट लिहिला. 'पगार योग्यतेनुसार' लिहिलं की येणारा प्रत्येक फोन पगार विचारण्यातच संपतो. बराच वेळ उभं राहावं लागेल आणि कागदाची खोकी उचलावी लागतील, हेही लिहिलं. ए-फोर कागदाच्या पाच रिमांचं खोकं साधारण १२ किलो भरतं. शेवटी एक ओळ : 'बेरीज-वजाबाकी आणि वाचता येईल असं अक्षर हवं, बाकीचं आम्ही शिकवू.'

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले आणि उमेदवार बाहेर पडताच, पुढचा आत यायच्या आधी, शेरा लिहून टाकला. नाहीतर सगळ्यात शेवटी आलेलाच लक्षात राहतो. 'ग्राहक चिडला तर काय कराल?' याला सगळे पाठ केल्यासारखं गोड उत्तर देतात. 'कुणी तुमच्यावर चिडलं होतं तेव्हा नेमकं काय केलंत?' असं विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो. लग्न, मुलंबाळं, जात-धर्म यातलं काही विचारलं नाही. दुकानाची वेळ जमेल का, एवढंच.

खरी परीक्षा मात्र एका चिठ्ठीची होती. हाताने लिहिलेली दहा वस्तूंची यादी द्यायची आणि रॅकमधून माल काढायला सांगायचं. त्यात एक वस्तू दुकानात नव्हतीच, आणि एका ओळीत नुसतं 'वह्या ६' लिहिलेलं. एका चटपटीत मुलाने झरझर माल काढला, रेघांच्या वह्या ठेवल्या आणि नसलेल्या वस्तूच्या जागी तिच्यासारखीच दुसरी ठेवून दिली. दुसऱ्या मुलीला त्याच्यापेक्षा बराच वेळ लागला, पण ती मध्येच येऊन म्हणाली, "वह्या रेघांच्या की कोऱ्या?" आणि नसलेल्या वस्तूसमोर तिने 'नाही' लिहिलं. आम्ही तिला घेतलं. हात सरावाने चालायला लागतो. न विचारता ठोकून द्यायची सवय एकदा जडली की सुटता सुटत नाही.

पहिल्या आठवड्याचा बेत साधा होता. रोज एकच नवं काम, आणि गल्ला सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी फक्त रॅक : काय कुठे असतं ते दाखवलं आणि दुपारी तिच्याकडून रिकामे कप्पे भरून घेतले. दुसऱ्या दिवशी आलेला माल. आधी मोजायचा, मग चलन बघायचं, कारण आकडा आधी दिसला की मोजणीही आपसूक तेवढीच येते. तिसऱ्या दिवशी ग्राहकाशी बोलणं, बिल मात्र आम्हीच करायचं. चौथ्या दिवशी बिल तिने करायचं, आम्ही शेजारी. प्रत्येक काम आधी करून दाखवायचं, मग तिने करायचं आणि करता करता का ते बोलून सांगायचं. 'समजलं का?' हा प्रश्न आम्ही टाळला, त्याला नव्या माणसाकडून 'हो' शिवाय दुसरं उत्तर येत नाही.

पाचव्या दिवशी गल्ला. बिल ३७०, हातात ५०० ची नोट. सुट्टे पूर्ण देईपर्यंत ती नोट गल्ल्यात टाकायची नाही, समोर ठेवायची. म्हणजे 'मी किती दिले होते' हा वाद उभाच राहत नाही. आणि वजाबाकी करत बसायचं नाही, बिलापासून वर मोजत जायचं : १० दिले, ३८०, २० दिले, ४००, १०० दिले, ५००. ग्राहकही मनात सोबत मोजतो.

सहाव्या दिवशी दुपारच्या शांत वेळेत ती एकटी काउंटरवर, आम्ही आत गोदामात. संध्याकाळी गल्ला जुळला. परतीच्या मालाच्या बिलावर मात्र ती दोनदा अडकली आणि तिने आम्हाला हाक मारली, म्हणून दुसऱ्या आठवड्याचा पहिला धडा तोच लावला.