पंप चांगला होता, गाळणी वेगळी होती

"पंप गेलाय, नवा टाका," म्हणतच ते दुकानात शिरले. हळदीचे व्यापारी, मार्केट यार्डात गाळा. विश्रामबागेतल्या माझ्या दुकानात मिक्सर, ओव्हन येतात तशी हल्ली कॉफी मशीनही येतात. त्यांचं घरगुती एस्प्रेसो मशीन, दीड वर्षाचं. तक्रार अशी की परवापर्यंत कपावर जाड फेस यायचा, आता नुसतं तांबूस पाणी पडतंय.

मी लगेच मागचा पत्रा खोलला. पंपाला करंट व्यवस्थित, नळीत गाळ नाही, झडप साफ. तासभर गेला. शेवटी हँडलमध्ये धुण्याची बिनभोकाची रबरी चकती बसवून पंप चालू केला. प्रेशर चढलं की या पंपाचा आवाज घरघरीवरून एकदम दबका, जड होतो. तसा झाला. म्हणजे पंप ठणठणीत. मग पाणी असं का धावतंय?

तेव्हा कुठे हँडल उलटं करून बघितलं. हे आधी बघायला हवं होतं, पण पत्रा खोलायची सवय वाईट. हँडलमध्ये कॉफी भरायची जी गाळणी असते, ती बास्केट. तिच्या बुडाला चाळणीसारखी शेकडो बारीक भोकं होती. या मशीनसोबत जी येते, तिला आतून भोकं असतात, पण बाहेरच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं एकच.

"ही कुठली?"

"पोरानं पुण्याहून आणली. म्हणाला, जुनी नकली आहे, ही खरी. बियाही आणल्यात, ग्राइंडर नंतर पाठवतो म्हणाला."

सगळा घोळ इथे होता. दुहेरी बुडाच्या बास्केटमध्ये पाणी अडवायचं काम ते एकच भोक करतं. कॉफी भरड असो, शिळी असो, आत प्रेशर तयार होतंच. एकेरी बुडाच्या बास्केटमध्ये अडवणारं कोणी नाही. दाबून बसवलेल्या कॉफीच्या थरानेच पाणी रोखायचं. त्यांची पुडी होती फिल्टरसाठी दळलेली, रव्यासारखी. एवढं सांगितल्यावर पुढचं त्यांनीच पुरं केलं, "भरड्यातून पाणी सरळ जाणार, पिठातून अडणार. एवढं कळतंय आम्हाला." दळणाऱ्या माणसाला हे समजावावं लागत नाही.

तरी करून दाखवलं. कपाखाली छोटा काटा ठेवला. त्यांचीच पावडर, 15 ग्रॅम, एकेरी बास्केट: 30 ग्रॅम पाणी 7 सेकंदांत खाली. फिकट, आंबट. त्यांची जुनी बास्केट पिशवीतच होती. तीच पावडर, तितकीच, तसंच दाबून: 22 सेकंद, आणि वर बोटभर फेस. त्यांचा चेहरा खुलला.

मला मात्र राहवेना. फळीवर एक उघडी पुडी सहा महिने पडली होती, वास पार उडालेला. ती दुहेरी बास्केटमध्ये भरली. फेस तसाच, बोटभर! चव ओल्या पुठ्ठ्याची.

फेस बघून ते खूश झाले होते, घोट घेऊन गप्प झाले. एस्प्रेसोवरचा खरा फेस, म्हणजे क्रेमा, कॉफीतल्या वायूचा. भाजल्यावर बियांत कार्बन डायऑक्साइड साठतो, प्रेशरखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात पडताना बुडबुडे होऊन सुटतो. दळलं की तो भराभर उडून जातो. दुहेरी बास्केटमध्ये त्या एका भोकातून कॉफी पिचकारीसारखी सुटते आणि हवा घुसळून फेस होतो. ताज्या कॉफीतही होतो, मेलेल्या कॉफीतही होतो. त्या फेसावरून पुडीची परीक्षा करता येत नाही.

मग पोराच्या बिया काढल्या, भाजून दहा दिवस झालेल्या. माझ्या हातग्राइंडरवर दळल्या. पहिल्यांदा अतीच बारीक झाल्या, पंप दबक्या आवाजात कण्हत राहिला आणि टिपूससुद्धा पडेना. दोन खटके जाड केलं. एकेरी बास्केट, 15 ग्रॅम: 28 सेकंदांत 30 ग्रॅम. वर पातळ, तांबूस-तपकिरी साय. उंची दुहेरीच्या फेसाच्या निम्मीही नव्हती.

"हा कमी आलाय की," ते म्हणाले. पण कप रिकामा केला.

"घरच्या मिक्सरला दळलं तर?" त्यांनी विचारलंच. मिक्सरमध्ये धूळ आणि खडे एकत्र निघतात. एकेरीत पाणी खड्यांमधून वाट काढतं, दुहेरीत ती धूळ एकुलत्या भोकात बसते. भोक तुंबलं असेल आणि घाईत हँडल फिरवलं तर आतलं प्रेशर गरम चोथ्यासकट अंगावर उडतं. थेंब पडत नसतील तर पंप बंद करून मशीन निवेपर्यंत थांबायचं, आणि ते भोक आठवड्यातून एकदा टाचणीने मोकळं करायचं.

ठरलं असं: ग्राइंडर येईपर्यंत जुनीच बास्केट, आणि पुडी छोटी, पंधरा दिवसांत संपेल एवढीच. पंपाचा तासभर माझ्या खात्यावर, त्याचे पैसे घेतले नाहीत. जाताना त्यांनी पोराला फोन लावला, "अरे, ती खरी बास्केट आणलीस, पण जातं कुठाय?"