सिस्टरला लिहिलेली चिठ्ठी

सोयाबीन काढताना अण्णांना पान लागलं. ढिगाखाली घोणस होती. गावातल्या एकानं पाय आवळायला दोरी काढलीच होती. चुलतभावानं ती हिसकावली अन् तासाभरात आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. पाचव्या दिवशी सुट्टी झाली.

घरी आल्यावर रातपाळीच्या सिस्टरला चार ओळी लिहायला बसलो. पहिल्या झटक्यात 'देवदूत', 'सात जन्माचे उपकार' असं बरंच उतरलं. बायकोनं वाचलं अन् म्हणाली, "हे तर चौकातलं बॅनर वाटायलंय. त्यांनी केलं काय, ते कुठंय?"

खरंच होतं. मग ती रात्र आठवत बसलो. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. ते तपासायला सिस्टरनं कोरड्या, कोऱ्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं अन् टेबलावर उभं ठेवलं. मी नळी उचलायला गेलो तर म्हणाल्या, "भाऊ, वीस मिनिटं हात लावू नका. हलली की तपासणी वाया." साडेबाराला त्यांनी ती तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. संध्याकाळी औषधाच्या दहा बाटल्या जाऊनही ही गत! डॉक्टरांनी आणखी दहा सांगितल्या.

ही चिठ्ठी मी शेवटी अशी लिहिली:

"सिस्टर, नमस्कार. वॉर्डातल्या साप चावलेल्या म्हाताऱ्यांचा मी मुलगा. त्या रात्री दुसऱ्यांदा औषध चालू असताना अण्णा मान खाजवायला लागले. मला वाटलं डास चावले. तुम्ही अंगावरच्या गांधी पाहिल्या, सलाईन लगेच बंद केलं, डॉक्टरांना बोलावलं अन् त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन मांडीत दिलं. अण्णा निवांत झाल्यावर तेच औषध हळूहळू पुन्हा सुरू केलं. सकाळी पुन्हा नळी लावली तेव्हा तुमची ड्यूटी संपत आली होती, तरी वीस मिनिटं थांबलात. रक्त गोठलेलं मला दाखवलंत, मगच गेलात. आम्ही मधेमधे तेच तेच विचारत होतो, तुम्ही दर वेळी उत्तर दिलंत. अण्णा आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात. मनापासून आभार."

खाली तारीख, वॉर्ड आणि अण्णांचं नाव घातलं. सिस्टरचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून 'रातपाळी' असं लिहून एक प्रत अधीक्षकांच्या टपालात दिली. त्यांच्या कामाची नोंद साहेबांपर्यंत जावी, एवढाच हेतू.

पेढ्याचा पुडाही नेला होता. तो सिस्टरनं उघडून वॉर्डातल्या पोरांना वाटायला लावला. चिठ्ठी उभ्यानंच वाचली, घडी करून खिशात ठेवली अन् विचारलं, "सूज उतरली का? चावलं तिथं काळं पडलंय का?" थोडं पडलंय म्हटलं तर म्हणाल्या, "मग उद्याच घेऊन या, दाखवून घ्या."