हरिपाठ सोप्या मराठीत: पहिला अभंग संपला (एकदाचा)

मागच्या वेळी पसायदान झालं तेव्हा वाटलं होतं की आता हात बसला, हरिपाठाचा पहिला अभंग म्हणजे चार चरणं, दोन संध्याकाळी पुरतील. तीन आठवडे गेले. वहीची अकरा पानं भरलीत आणि त्यातल्या दहा पानांवर फुल्या आहेत.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मला गद्य भावार्थ लिहायचा नाहीये, तो ढिगाने आहे. मला असं हवंय की आज बोलतो त्या मराठीत ओळ यावी, पण संध्याकाळी देवापुढे बसून मोठ्याने म्हटली तर जीभ अवघडायला नको आणि मनही. यमक आणि अक्षरं मी सोडून दिलीत. मूळ मोठा अभंग आहे, सहा सहा सहा चार, 'देवाचिये द्वारीं / उभा क्षणभरी / तेणें मुक्ति चारी / साधियेल्या', मोजून बघा. ती मापं धरली की नेमके जुनेच शब्द परत येऊन बसतात, हे पसायदानात कळलं.

अजून एक गोष्ट तिथेच कळली होती. अवघड शब्द अवघड नसतात, कारण ते अडले की आपण कोश उघडतो. फसवतात ते ओळखीचे. 'विश्व स्वधर्मसूर्यें पाहो' मी लहानपणापासून 'जगाने बघावं' असं समजत आलो होतो. पण सूर्याने काय बघायचं? जुन्या मराठीत पाहणे म्हणजे उजाडणे पण आहे, आपली पहाट त्याच कुळातली. स्वधर्माच्या सूर्याने जगात उजाडू दे, असं घेतलं की वरच्या 'दुरिताचें तिमिर जावो' ला ते बरोबर लागतं, आधी अंधार गेला आणि मग उजाडलं.

तर पहिला अभंग. पहिली ओळ मी आधी अशी केली होती, 'जो माणूस देवाच्या दारात एक क्षण उभा राहतो त्याला चारही प्रकारच्या मुक्ती मिळतात'. अर्थ बरोबर आहे आणि वाचताना सरकारी योजनेची माहिती वाटते. शिवाय मी कंसात सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता असं सगळं टाकलं होतं, ते आईला वाचून दाखवलं (आई रोज हरिपाठ म्हणते, तीच माझी परीक्षक) तर ती म्हणाली, अरे क्षणभर उभं राहायचं म्हणतोयस आणि किती वेळ उभं करतोस. कंस गेला.

मग लक्ष 'साधियेल्या' कडे गेलं. हा भूतकाळ आहे. उभं राहिलं की मिळतील असं नाही म्हणलेलं, मिळाल्या. आणि हा प्रकार आपण आजही बोलतो, 'तिथून उडी मारलीस तर पाय मोडलाच', अजून मोडलेला नसतो पण खात्री इतकी की झालंच. म्हणजे इथे आजच्या भाषेत आयती जागा होती आणि मी 'मिळतात' करून ती घालवत होतो. दुसरं म्हणजे 'जो माणूस' पण नको, 'उभं राहिलं तरी' म्हटलं की बाई बुवा सगळे आले.

दुसरी ओळ, 'पुण्याची गणना कोण करी'. मी लिहिलं, 'पुण्य किती झालं ते कोण मोजत बसतंय'. मला फार आवडलं होतं, अगदी बोलतो तसं. दोन दिवसांनी वाचलं तर त्यात एक बेफिकिरी आहे, म्हणजे मोजता येईल पण कंटाळा आलाय. मूळात ते इतकं आहे की मोजणाराच सापडायचा नाही. शेवटी 'कोणाच्याने मोजवणार' केलं. ही 'करवत नाही, बोलवत नाही' वाली रूपं आपण लिहिताना विसरलोच आहोत, पण न झेपणारं सांगायला यांच्यासारखं काही नाही, आणि आवाज आपोआप खाली येतो.

तिसऱ्या ओळीने खरा वेळ खाल्ला. 'असोनि संसारीं जिव्हे वेगु करी । वेदशास्त्र उभारी बाह्या सदा'. आधी 'करी' बघा. वरच्या ओळीत 'कोण करी' म्हणजे कोण करतो, आणि इथे 'वेगु करी' म्हणजे कर, आज्ञा. लागोपाठच्या ओळीत तेच रूप आणि काम वेगळं. मग 'उभारी' म्हणजे मनाला येते ती उभारी नाही, उभारतं, उंच करतं. आणि बाह्या! मला कितीतरी वर्षं शर्टाच्या बाह्या दिसायच्या, वेद बाह्या सरसावून तयार आहेत असं काहीतरी. ते बाहू आहेत, हात. वेदशास्त्रं हात वर करून ओरडून सांगतायत. महाभारताच्या शेवटी, स्वर्गारोहण पर्वात, व्यास म्हणतात ना की मी हात उंच करून आक्रोश करतोय आणि कोणी ऐकत नाही, अगदी ते चित्र, आणि पुढच्याच ओळीत व्यासांचं नाव येतं. ते लक्षात आल्यावर मी वही मिटून तसाच बसून राहिलो थोडा वेळ.

'वेगु' पण नडला. 'जिभेने भरभर म्हण' लिहिलं तर गाडी चुकेल म्हणून स्तोत्र गुंडाळणारे काका डोळ्यासमोर येतात. वेग म्हणण्याचा नाहीये, सुरू करण्याचा आहे, उशीर करू नको. म्हणून 'घाई' घेतली पण ती जिभेला लावली.

शेवटच्या ओळीवर आईशी भांडण. मी 'ज्ञानदेव म्हणतो' लिहिलं, तिला एकेरी ऐकवेना. 'म्हणतात' केलं तर मला पटेना, कारण ती कवीची स्वतःची सही आहे, 'म्हणतात' केलं की दुसराच कोणी त्यांच्याबद्दल सांगतोय असं होतं. तोडगा असा की 'ज्ञानदेव म्हणे' ला हातच लावायचा नाही. सगळ्यांना कळतं, कोश लागत नाही. आणि 'पांडवां घरीं' ला क्रियापद नाही. मी 'राहतो' घालून बघितलं, 'राबतो' घालून बघितलं (रथ हाकला, राजसूयात पाय धुतले, खोटं काहीच नाही), पण राबतो म्हटलं की त्या घरातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी बाहेर जातात. मोकळंच ठेवलं.

आजची अवस्था:

देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं तरी चारही मुक्ती साधल्याच.
हरी म्हणा, मुखाने हरी म्हणा, पुण्य कोणाच्याने मोजवणार!
संसारात राहूनच जिभेला नामाची घाई लाव, वेदशास्त्रं हात उंचावून कायम हेच सांगतायत.
ज्ञानदेव म्हणे, व्यासांनी खूण सांगून ठेवलीय, द्वारकेचा राणा पांडवांच्या घरी.

'नामाची' मूळात त्या ओळीत नाही, मी घातलंय, कारण नुसती जिभेला घाई म्हटलं की खाणं आठवतं. 'मुखाने' थोडं पुस्तकी आहे पण 'तोंडाने' करून बघा, जमत नाही.

दुसरा अभंग उघडलाय. 'वायां व्यर्थ कथा सांडी मार्ग' इथे अडकलोय. सांडणे म्हणजे सोडणे हे पसायदानातल्या 'व्यंकटी सांडो' मुळे माहितीय, पण कथा सोड की मार्ग सोड की दोन्ही, आणि 'वायां' असताना परत 'व्यर्थ' कशाला. आई म्हणते तू म्हणून तर बघ आधी रोज, मग लिही. त्यामुळे या आठवड्यात वही बंद आहे.