रावेर ते बीकेसी: भाचीच्या व्हिसा मुलाखतीची तयारी आणि दोन दिवसांचा प्रवास

भाचीला अमेरिकेत एमएस करायचं आहे. मुलाखत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात, बीकेसीला होती आणि बोटांचे ठसे व फोटोसाठी आदल्या दिवशीची वेळ मिळाली होती. म्हणजे एक मुक्काम ठरलेलाच. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून ताई म्हणाली, "दादा, तूच जा तिच्यासोबत."

जळगाव सुटल्यावर सरावाला बसलो. डब्यात गोंगाट होता, पण त्याचा फायदाच झाला. दूतावासात काचेपलीकडून माइकवर प्रश्न येतात, शेजारच्या खिडक्यांवरही बोलणं चालू असतं आणि उत्तरं उभ्यानेच द्यायची असतात. म्हणून चाळीसगावनंतर आम्ही दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभे राहिलो.

मी विचारलं, "सो, यू डोन्ट हॅव एनी फॅमिली इन द स्टेट्स?"

ती म्हणाली, "यस."

तिला म्हणायचं होतं, "हो, कुणी नाही." मराठीत आपण समोरच्याच्या वाक्याला हो म्हणतो. इंग्रजीत मात्र 'यस' म्हणजे 'आहे' आणि 'नो' म्हणजे 'नाही', मग प्रश्न नकारार्थी असो वा होकारार्थी. म्हणजे तिच्या एका शब्दाने अमेरिकेत कुटुंब उभं राहिलं. नुसतं 'यस' किंवा 'नो' म्हणायचंच नाही, वाक्य पूर्ण करायचं, असा नियम आम्ही तिथेच केला: "नो, आय डोन्ट."

पण हेही उत्तर अपुरं होतं, कारण तिचा आतेभाऊ टेक्ससमध्ये आहे. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "माय ब्रदर इज देअर." आपल्याकडे आतेभाऊ, मावसभाऊ हे भाऊच. डीएस-१६० अर्जात मात्र जवळच्या नातेवाइकांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात सख्खी भावंडं, पती-पत्नी, मुलं येतात. तिथे तिने 'नाही' भरलं होतं आणि पुढच्या, इतर नातेवाइकांच्या प्रश्नाला 'हो'. दोन्ही बरोबरच होतं. पण खिडकीवर 'ब्रदर' म्हटलं की तिचा स्वतःचाच अर्ज खोटा दिसला असता. मुलगी काही लपवत नव्हती, फक्त नात्याचा शब्द चुकत होता. शेवटी ठरलं: "नो ब्रदर्स ऑर सिस्टर्स देअर. आय हॅव वन कझिन, इन टेक्सस." हे तिच्याकडून मनमाड येईपर्यंत वेगवेगळ्या प्रश्नांवर म्हणून घेतलं. सरावाला बसण्याआधी अर्जाची छापील प्रत हातात घ्या, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

इगतपुरीच्या अलीकडे दुसरा घोळ झाला. "व्हॉट आर युअर प्लॅन्स आफ्टर ग्रॅज्युएशन?" यावर ती पुण्यातल्या नोकरीबद्दल सांगू लागली. आपल्याला ग्रॅज्युएशन म्हटलं की बीईच आठवतं. इथे विचारलेलं असतं एमएस संपल्यानंतरचं. हा प्रश्न साधा नाही. तिथल्या कायद्याच्या कलम २१४(बी) नुसार, अर्जदाराने उलट पटवून देईपर्यंत तो कायमचा राहायला येतोय असंच धरलं जातं. विद्यार्थ्यांचे बहुतेक नकार याच कलमाखाली येतात. म्हणून "आय विल कम बॅक" एवढ्यावर न थांबता परत येऊन कुठल्या प्रकारचं काम करणार, ते तिने आपल्या शब्दांत सांगितलं. मी लिहून दिलेलं वाक्य तिच्या तोंडी पाठांतरासारखं वाजत होतं, ते आम्ही काढून टाकलं.

'स्कूल'चंही तसंच. "हाऊ मेनी स्कूल्स डिड यू अप्लाय टू?" म्हणजे किती विद्यापीठांना अर्ज केले. शाळेचं नाव सांगायचं नाही. आणि खर्चाचा आकडा लाखांत सांगण्यापेक्षा विद्यापीठाकडून येणाऱ्या आय-२० या प्रवेशाच्या कागदावर असतो तसा डॉलरमध्ये पाठ ठेवा.

पहिल्या दिवशी ठसे आणि फोटोचं काम लवकर उरकलं. दुसऱ्या दिवशी कुर्ला स्टेशनवरून रिक्षा केली. मोबाइल आत नेता येत नाही आणि सोबतच्याला आत सोडत नाहीत, म्हणून तिचा फोन माझ्याकडे ठेवून मी बाहेर थांबलो. एकटं जाणाऱ्याने फोन मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवावा.

बाहेर आल्यावर तिने सांगितलं, जेमतेम तीन मिनिटं बोलणं झालं. विद्यापीठ हेच का, खर्च कोण करणार, आणि मग अधिकारी स्क्रीनकडे बघत म्हणाले, "नो सिब्लिंग्ज ओव्हर देअर?"

"नो, आय डोन्ट. जस्ट वन कझिन, इन टेक्सस."

पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. व्हिसा मंजूर झाला की तो छापण्यासाठी ठेवून घेतात, नाकारला तर कागदासह लगेच परत देतात. तिच्या हातात पासपोर्ट नाही हे बघूनच मी ताईला फोन लावला.