तुम्ही विचारलंत म्हणून: अनुवाद टाइप करताना अनुस्वार आणि दीर्घ

"इंग्रजीवरून मराठी करताना अनुस्वार कुठे द्यायचा आणि वेलांटी पहिली की दुसरी, हे तुम्ही कसं ठरवता?"

एक परिच्छेदच घेऊ, दवाखान्यातल्या सूचनापत्रात असतो तसा. बरेच जण तो असा टाइप करतात: "मूलाला ताप आल्यास डॉक्टराना दाखवा. त्यानी लिहीलेली औषधे वेळेवर द्या. शरिरातील पाणी कमी होऊ देऊ नका."

आधी डॉक्टर. इंग्रजीत डॉक्टर एकच आहे म्हणून अनुवाद करणाऱ्याचा हात अनुस्वाराकडे जात नाही, पण मराठीत आपण डॉक्टरांना मान देतो आणि तो मान अनेकवचनातून येतो, मग प्रत्यय लागताना सामान्यरूपावर अनुस्वार हवाच: डॉक्टरांना, त्यांनी. बोलताना तो जेमतेम ऐकू येतो, म्हणून कानावर विसंबू नका, माणूस एकेरीतला की आदराचा हे बघा. एकेरीतला असेल तर "त्याने", बिनअनुस्वाराचं "त्यानी" प्रमाण लेखनात नाहीच.

आता मूल आणि शरीर. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण दोन्ही शब्दांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ आहे, पण प्रत्यय लागला की एक बदलतो आणि दुसरा नाही. मूल, फूल, गरीब, वकील यांचं मुलाला, फुलाला, गरिबाला, वकिलाला होतं. शरीर, गीत, सूत्र हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, त्यांचा दीर्घ हलत नाही: शरीरात, गीतात, सूत्रात. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांतच हा फरक आहे, त्यामुळे "गरिबाला चालतं मग शरिरात का नाही" याचं उत्तर शब्द कुठून आला यात आहे. शंका आली तर कोशात मूळ शब्द काढा, बऱ्याच कोशांत तो संस्कृत की फारसी याची खूण असते. "लिहीलेली" मात्र सरळ चूक, ते लिहिलेली.

म्हणजे परिच्छेद असा होतो: "मुलाला ताप आल्यास डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लिहिलेली औषधे वेळेवर द्या. शरीरातील पाणी कमी होऊ देऊ नका."

हेच बोली मराठीत हवं असेल तर "औषधे" चं "औषधं" करा, पण फाइंड-रिप्लेस मारून दिसेल त्या मात्रेचा अनुस्वार करू नका प्लीज. तो बदल नपुंसकलिंगी शब्दांना चालतो, ते औषध दिले, ते औषध दिलं. डोस पुल्लिंगी आहे, तो डोस, म्हणून "दोन डोस दिले" बोलीतही "दिले" च राहतं, आणि "पैसे" चं "पैसं" प्रमाण बोलीत कोणी म्हणत नाही. शब्दाआधी "तो" लावून बघायचा, बसला तर मात्रा तशीच ठेवायची.